मामांचे फोटो कुठले? प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५

आज मामांचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये आणले. एकूण ४१२. मामा २००९ पासून मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. २०१५ ते २०१९ त्यांनी ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांवरच्या पर्यटकांच्या बोटींवर काम केले. बंदरात दोन-तीन तास मोकळे मिळाले की गावात फिरायचे आणि रस्त्याचे फोटो काढून मामीला व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, हा त्यांचा नेम होता. मूळ फोन आता नाही. व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोतून ठिकाणाची माहिती पुसली जाते आणि मामीने फोन बदलताना सगळे फोटो एकाच दिवशी पुन्हा पाठवले. त्यामुळे प्रत्येक फाइलचे नाव `IMG-20210314-WA0027` अशा धर्तीचे आहे. १४ मार्च २०२१ ही तारीख कुठल्याच फोटोची नाही.

मामांना बंदरे आठवतात, पण कुठला रस्ता कुठल्या बंदराजवळचा याची सरमिसळ झाली आहे. त्यांना फोटोंखाली गावांची नावे हवी आहेत.

सुरुवात शाळेची बस, आगीचा बंब किंवा कचरागाडी दिसणाऱ्या फोटोंपासून करायची असे ठरवले. असे २३ फोटो आहेत. कोका-कोलाची पाटी कुठेही असते, टोयोटाही कुठेही असते. या तीन गाड्यांचा रंग आणि त्यांच्यावरची अक्षरे मात्र त्या देशाच्या नियमाने किंवा तिथल्या नगरपालिकेने ठरवलेली असतात. अक्षरे मोठी असतात आणि ती तिथल्याच माणसाने लांबून वाचावीत म्हणून लिहिलेली असतात. फोटो दाबला जाऊन बारीक झाला तरी ती बऱ्याचदा टिकतात.

एक नियम स्वतःला घालून घेतला. मामांच्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, जहाजावर चढल्या-उतरल्याचे शिक्के आहेत. फोटोवरून देश लिहून होईपर्यंत ती वही उघडायची नाही. आधी वही पाहिली तर प्रत्येक फोटोत तेच बंदर दिसायला लागेल.

बुधवार, ११ जून

फोटो ४७. पिवळी, लांब नाकाची बस, काळे पट्टे, आजूबाजूला बर्फ. मी बघताक्षणी 'अमेरिका' लिहिले आणि पुढे गेले. संध्याकाळी पुन्हा पाहिले तेव्हा ती घाई होती हे कळले.

हा पिवळा रंग अमेरिकेचाच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी बैठक बोलावली होती. पहाटेच्या आणि सांजेच्या अंधूक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरे नीट वाचता येतात, म्हणून तिथे हा रंग ठरला. पण तो पुढे फार ठिकाणी गेला. कॅनडात तोच आहे. चीनमध्ये २०१२ च्या नियमानंतर लांब नाकाच्या पिवळ्या बसगाड्या आल्या. आपल्याकडे १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर शाळेच्या बस पिवळ्या झाल्या. म्हणजे नुसत्या रंगावरून देश ठरत नाही.

मग मी बस तुकड्यातुकड्याने पाहिली. दार उजव्या अंगाला, म्हणजे मुले उजवीकडच्या पदपथावर उतरतात आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. आपल्या शाळेच्या बसचे दार डावीकडे असते. डाव्या अंगाला, रहदारीच्या बाजूला, लाल अष्टकोनी पाटी बाहेर आलेली. इथपर्यंत अमेरिका आणि कॅनडा दोन्ही शक्य होते.

फोटो मोठा केल्यावर पाटीवर चार नाही, पाच अक्षरे दिसली. चौथ्या अक्षरावर, म्हणजे इंग्रजी 'ई'वर, छोटी टोपी. शब्द 'आरे', फ्रेंचमध्ये 'थांबा'. काचेच्या वरच्या पट्टीवर 'स्कूल बस' असते तिथे 'एकोलिए', म्हणजे विद्यार्थी. खुद्द फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या थांबा-पाटीवर इंग्रजी 'स्टॉप'च असते. लांब नाकाची पिवळी बस आणि तिच्या पाटीवर फ्रेंच शब्द, ही जोडी क्वेबेक प्रांताची.

लिहून झाल्यावर मामांना फोन केला. "अगो, ते सेत-इल! लोखंडाची माती भरायला गेलेलो. हात गोठून फोन पडला होता माझा." सेत-इल हे क्वेबेकमधले लोहखनिजाचे बंदर. सीडीसीतल्या त्या वर्षाच्या शिक्क्यांशीही ते जुळले.

रविवार, १५ जून

फोटो ११२. हुबेहूब तसलीच पिवळी बस. कपाळावर 'स्कूल बस' ही इंग्रजी अक्षरे शाबूत, बाजूला काळे पट्टे शाबूत. 'आरे' शोधला, नाही मिळाला, आणि मी परत 'अमेरिका' लिहायला निघाले होते.

मला अडवले ते टपाने. टपावर सामानाचा कठडा, मागे चढायला शिडी, वर पोती आणि एक सायकल. दारात उभा राहून एक माणूस हाका मारतोय. अमेरिकेत शाळेच्या बसच्या टपावर कोणी पोती ठेवत नाही.

अमेरिकेत वापरून झालेल्या शाळेच्या बस मध्य अमेरिकेत विकल्या जातात. ग्वातेमालात त्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत नटवतात आणि क्रोमची चकचकीत नक्षी लावतात, त्यामुळे तिथली बस सहसा ओळखू येते. पण बऱ्याच ठिकाणी मालक रंग बदलत नाही आणि जुनी इंग्रजी अक्षरे तशीच राहतात. हीच या कामातली मोठी फसगत आहे. गाडीवर दोन काळांचे लेखन असते, आधीच्या मालकाचे आणि आताच्या. उत्तर नेहमी आताच्या लेखनात असते.

म्हणून वहीत दोन रकाने केले, 'जुने लेखन' आणि 'नवे लेखन'. या बसच्या जुन्या लेखनात 'स्कूल बस'. नव्या लेखनात काचेच्या आत ठेवलेली हाताने रंगवलेली पाटी, तिच्यावर 'पुएर्तो कोर्तेस'. हे होंडुरासचे बंदर. पाटीवरचे गाव म्हणजे बस जिथे जाते ते गाव, फोटो जिथे काढला ते नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. मामा जहाजापासून दोन तासांपलीकडे जात नसत, म्हणून देश होंडुरास आणि गाव 'बहुधा पुएर्तो कोर्तेस' असे लिहिले.

त्याच दिवशी फोटो १३० चटकन सुटला. पांढरी व्हॅन, अंगाभोवती मध्यावर रुंद पिवळा पट्टा, त्यात काळ्या अक्षरांत 'एस्कोलार'. ब्राझीलच्या वाहतूक कायद्यातच हा पट्टा ४० सेंटिमीटर रुंद असावा असे आहे. गाडी मुळात पिवळी असेल तर रंग उलटतात, काळा पट्टा आणि पिवळी अक्षरे. मामा म्हणाले सांतोस, आणि शिक्काही सांतोसचाच निघाला.

रविवार, २२ जून

आजचा पूर्ण दिवस तीन बंबांवर गेला. फोटो २०३, २११ आणि २४०. तिन्ही लाल, तिन्हींवर एकच जर्मन शब्द, 'फॉयरवेअर', म्हणजे अग्निशमन दल. नदीच्या बोटीवरच्या वर्षांतले फोटो असणार हे उघड होते. पण ती बोट जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतून जायची आणि तिन्हींत हाच शब्द आहे.

शब्द एक असला तरी फोनचा क्रमांक वेगळा आहे. आग लागल्यावर लावायचा नंबर जर्मनीत ११२, ऑस्ट्रियात १२२, स्वित्झर्लंडमध्ये ११८. बंबाच्या बाजूला किंवा मागच्या शटरवर तो बऱ्याचदा लिहिलेला असतो, आणि आकडे अक्षरांपेक्षा धूसर फोटोत जास्त टिकतात.

फोटो २११ मध्ये मागच्या शटरवर १२२ स्पष्ट आहे. ऑस्ट्रिया.

फोटो २४० मध्ये ११८ आहे. इथे मी थांबले, कारण इटलीतही ११८ दिसतो. पण तिथे तो रुग्णवाहिकेवर असतो. इटलीच्या बंबावर 'विजिली देल फुओको' लिहिलेले असते आणि त्यांचा नंबर ११५. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही, तो कुठल्या गाडीवर आहे तेही बघावे लागते. बंब आहे, जर्मन शब्द आहे, ११८ आहे, तर स्वित्झर्लंड.

याच फोटोत पुढे जाता आले, कारण बंब पाठमोरा आहे. स्विस गाडीच्या मागच्या नंबरपाटीवर डावीकडे देशाची लाल-पांढरी ढाल असते आणि उजवीकडे कँटनची, म्हणजे तिथल्या प्रांताची. पुढच्या पाटीवर ढाली नसतात. पाटीवरची अक्षरे इथे विरघळली आहेत, पण उजव्या ढालीतला रंग उरला आहे. पांढऱ्यावर लाल, वर वाकलेली काठी. बाझल शहराच्या कँटनची ढाल पांढऱ्यावर काळ्या धर्मदंडाची आहे. शहराला लागून असलेल्या बाझल-लांडशाफ्ट कँटनचा धर्मदंड लाल. धूसर ठिपका काळा की लाल एवढ्यावर शहर की शहराबाहेर हे ठरले. मी तो तुकडा तीन वेगवेगळ्या पडद्यांवर पाहिला, कारण एखादा पडदा काळ्याला तांबूस दाखवू शकतो. तिन्हींवर लालच.

मामांना विचारले, "बाझलला बोट लागायची तेव्हा तुम्ही शहराबाहेर जायचात का?" ते म्हणाले, "धरणासारखं दार आहे ना नदीवर, बोटी वरखाली करायचं, तिथवर चालत जायचो मी. बसायला बरी जागा होती." बाझल-लांडशाफ्टमध्ये ऱ्हाईनकाठी बिर्सफेल्डेन आहे आणि तिथे तसे जलद्वार आहे. फोटोखाली 'बहुधा बिर्सफेल्डेन' लिहिले.

राहिला २०३. याच्यावर ११२ आहे आणि मला तो सोपा वाटला होता. पण ११२ हा सगळ्या युरोपीय संघाचा सामाईक नंबर आहे, तो ऑस्ट्रियातही चालतो. १२२ दिसला तर ऑस्ट्रिया पक्की. ११२ दिसला तर जर्मनी फक्त शक्य. तेव्हा मागची नंबरपाटी पाहिली. ऑस्ट्रियाच्या पाटीला वरखाली लाल-पांढऱ्या-लाल बारीक रेघा असतात. या पाटीला नाहीत. डावीकडे निळा पट्टा आहे, म्हणजे स्विस नाही. मग पाटीच्या मध्याच्या थोडे अलीकडे, दोन अक्षरगटांच्या मधोमध, एकाखाली एक दोन गोल ठिपके दिसले. जर्मन पाटीवर तपासणीचे आणि नोंदणीचे गोल शिक्के तसेच चिकटवलेले असतात. जर्मनी लिहिले. गाव मात्र हाती लागले नाही. दारावरची बोधचिन्हाची ढाल एका माणसाच्या डोक्याआड आहे.

बुधवार, २५ जून

फोटो २१९, लाल बंब, 'सापर-पोंपिए'. फ्रान्स. दारावर 'एसडीआयएस ६७'. फ्रान्सचे अग्निशमन दल जिल्ह्यासारख्या 'देपार्तमाँ'च्या पातळीवर चालते आणि बंबावर देपार्तमाँचा क्रमांक असतो. ६७ म्हणजे बा-ऱ्हें, स्ट्रासबूर्ग. बोट तिथे थांबायचीच.

शेजारी उभ्या मोटारीच्या नंबरपाटीवरही उजवीकडे क्रमांक आहे, पण ७५, म्हणजे पॅरिस. क्षणभर गोंधळले. २००९ पासून फ्रान्समध्ये मोटारमालक पाटीवर आवडीच्या देपार्तमाँचा क्रमांक लावू शकतो, तिथे राहत असो वा नसो. बंबाला ती मोकळीक नाही. दोन्हींत मतभेद झाला की बंबाचे ऐकायचे.

फोटो २२४, 'ब्रांडवेअर'. हा शब्द नेदरलँड्समध्ये आहे आणि बेल्जियमच्या डच भाषिक भागातही. अंगावर निळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्या आहेत म्हणून नेदरलँड्स. तिथल्या पोलिसांच्या, रुग्णवाहिकांच्या आणि बंबांच्या गाड्यांवर एकाच आखणीच्या तिरप्या पट्ट्या असतात, रंग तेवढे बदलतात.

रविवार, २९ जून

एक चूक सापडली, आणि ती तीन आठवडे वहीत होती. फोटो ८८ मी पहिल्याच दिवशी 'फ्रान्स, मार्से' म्हणून बाजूला ठेवला होता. बंबावर फ्रेंचमध्ये 'पोम्प फ्रान्स' लिहिले आहे, शेजारी निळा-पांढरा-लाल ध्वज रंगवलेला आहे. यापेक्षा आणखी काय हवे, असे वाटले होते.

मामेबहीण चहा घेऊन आली आणि फोटो बघत म्हणाली, "ताई, मागच्या दुकानाची पाटी स्पॅनिश आहे." पाटी खरेच स्पॅनिश होती. मग बंब नीट पाहिला. सगळ्यात ठळक ध्वज आणि फ्रेंच नाव, पण खाली लहान अक्षरांत 'बोंबेरोस' आणि आकडा १३२. १३२ हा चिलीचा आगीचा नंबर आहे. त्याच भाषेच्या शेजारच्या देशांत तो वेगळा आहे, अर्जेंटिनात १००, पेरूत ११६.

चिलीतले अग्निशमन दल स्वयंसेवकांचे आहे. वालपराइसो बंदरात ते १८५१ मध्ये सुरू झाले. तिथे आलेल्या फ्रेंच, जर्मन, इटालियन, इंग्रज लोकांनी आपापल्या कंपन्या काढल्या आणि त्या कंपन्या आजही मूळ देशाचे नाव आणि रंग मिरवतात. वालपराइसोत 'पोम्प फ्रान्स' आहे, 'जर्मानिया' आहे. तिथला जर्मन नावाचा बंब पाहून कोणी बर्लिन लिहिले तर मला आता नवल वाटणार नाही.

ही चूक होंडुरासच्या बसपेक्षा वेगळी आहे. तिथे परके लेखन आधीच्या मालकाचे उरलेले होते. इथे ते आताच्या मालकाने अभिमानाने लिहिले आहे. त्यामुळे माझे 'जुने' आणि 'नवे' हे रकाने अपुरे पडले. तिसरा रकाना केला, 'कामाचे लेखन'. फोन नंबर, नगरपालिकेचे नाव, मार्गाची पाटी असे लोकांच्या रोजच्या उपयोगाचे जे असेल ते त्यात. आधीचे सगळे फोटो या रकान्याने परत तपासले. आणखी काही बदलले नाही.

रविवार, ६ जुलै

कचरागाड्या. फोटो ३१ वर मी जवळजवळ तासभर अडले.

गाडी पाठमोरी आहे, रस्ता रुंद, घरे बैठी, पत्र्याची छपरे. गाडीच्या डाव्या अंगातून लोखंडी हात बाहेर आला आहे आणि त्याने चाकांचा डबा उचलून धरला आहे. डाव्या आरशात चालकाचा चेहरा दिसतो, म्हणजे तो डावीकडे बसला आहे. डावीकडे सुकाणू असेल तर वाहतूक उजवीकडून, असे मी लिहिले. पण मग गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी आहे असे होत होते.

उत्तर त्या हातात होते. अशी गाडी पदपथाच्या कडेने जाते आणि चालक न उतरता एकटाच त्या लोखंडी हाताने डबे उचलतो. हात नेहमी पदपथाच्या बाजूला असतो. डबा नीट पकडला की नाही हे दिसावे म्हणून चालकालाही त्याच बाजूला बसावे लागते. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अशा गाड्यांत दोन्ही बाजूंना सुकाणू असते. मोठ्या रस्त्यावर चालक उजवीकडे बसून गाडी नेतो आणि गल्लीत डबे उचलताना डावीकडे सरकतो. अमेरिकेत याच्या उलट, हात उजवीकडे आणि डबे उचलताना चालकही उजवीकडे. म्हणजे इतर गाड्यांत सुकाणू बघून वाहतुकीची बाजू ठरवायची आपली सवय या एका गाडीत बरोबर उलटे उत्तर देते. माणूस कुठे बसला आहे ते सोडून द्यायचे आणि हात कुठल्या अंगाला आहे ते बघायचे. शाळेच्या बसच्या दाराचाही तोच हिशेब, दोन्ही पदपथाची बाजू सांगतात. मागून कचरा घेणाऱ्या गाडीत ही खूण मिळत नाही.

हात डावीकडे, वाहतूक डावीकडून. पुढच्या घरांसमोर एका डब्याचे झाकण लाल आणि एकाचे पिवळे. ऑस्ट्रेलियात बऱ्याच पालिकांत लाल झाकण साध्या कचऱ्याला आणि पिवळे पुनर्वापराच्या वस्तूंना असते, पण सगळ्यांनी ते पाळलेले नाही. म्हणून झाकणाला मी आधार मानले, पुरावा नाही. पुरावा गाडीच्या मागे होता. पालिकेच्या नावातला पहिला शब्द हाताआड गेला आहे, 'न्यूकॅसल' वाचता येते. न्यूकॅसल इंग्लंडमध्येही आहे आणि तिथेही वाहतूक डावीकडूनच चालते. पण पत्र्याची छपरे आणि एवढा रुंद रस्ता इंग्लंडच्या न्यूकॅसलचा नव्हे. न्यू साउथ वेल्समधले न्यूकॅसल, कोळशाचे बंदर. मामांच्या वहीत तिथला शिक्का आहे.

शनिवार, १२ जुलै

फोटो ६५. संध्याकाळ, पिवळी कचरागाडी, मागे दहा-बारा माणसे हातात पिशव्या घेऊन उभी. पिशवी रस्त्यावर ठेवलेली एकही नाही, सगळ्या हातात. गाडीवर चिनी अक्षरे आहेत पण ती फार बारीक झाली आहेत. इथे अक्षरांपेक्षा माणसांनी जास्त सांगितले. तैवानमध्ये कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडी आली की स्वतः आणून टाकायचा, अशी रीत आहे. गाडी येताना धून वाजवते. कुठे बीथोव्हेनची पियानोची रचना, कुठे दुसरी एक जुनी पियानो-धून. पाठोपाठ पुनर्वापराच्या वस्तूंची वेगळी गाडी येते, आणि फोटोच्या कडेला तिचे नाक दिसते आहे.

मामांना फोटो दाखवून फक्त एवढेच विचारले, "गाडी आली तेव्हा काही ऐकू आलं होतं का?"

"हो तर! मला वाटलं आईस्क्रीमवाला. म्हणून तर फोटो काढला मी. आपल्याकडे घंटागाडी आली की आई डबा घेऊन पळायची, तसेच सगळे पळत आले." मग थोड्या वेळाने, "काओशुंग असेल. तिथं चार दिवस पडून होतो आम्ही."

काओशुंगचा शिक्का वहीत नाही. पण शिक्के फक्त चढण्या-उतरण्याचे असतात, मधल्या बंदरांचे नसतात, तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही. देश तैवान लिहिला. गाव 'मामांच्या आठवणीप्रमाणे काओशुंग'.

रविवार, २० जुलै

२३ पैकी १९ फोटोंना देश मिळाला, त्यातल्या ११ ना गावही. चार राहिले. त्यातल्या दोनांत बंबाचा फक्त दिव्याकडचा कोपरा आहे. एकात कचरागाडी पूर्ण पांढरी आहे, अक्षर नाही, हात नाही, ती तशीच ठेवली. चौथ्यात पिवळ्या बसवर 'सेकोलाह' एवढेच वाचता येते. मलेशियात 'बास सेकोलाह' लिहितात, इंडोनेशियात 'बुस सेकोलाह', आणि नेमका पहिला शब्द विजेच्या खांबामागे आहे. त्या शब्दातले मधले एक अक्षर दिसले असते तर देश मिळाला असता. दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून, त्यामुळे दारही उपयोगी नाही. मामा म्हणतात क्लांग, म्हणजे मलेशिया. मी 'मलेशिया किंवा इंडोनेशिया' लिहिले आहे आणि त्यांचे म्हणणे शेजारी पेन्सिलीने.

फोटोंचा पहिला संच छापायला दिला. ४७ व्या फोटोखाली 'सेत-इल, क्वेबेक' आहे. २०३ व्या फोटोखाली 'जर्मनी' आहे आणि गावासाठी रिकामी ओळ ठेवली आहे.